जांभ्याच्या उतारावरील घर: पायाभोवतीचा निचरा आणि संप पंप, एका पावसाळ्याच्या वापरानंतरचा अनुभव

रत्नागिरीजवळचे आमचे घर जांभ्याचा उतार कापून बांधलेले असल्यामुळे मागच्या बाजूस तळमजल्याची फरशी बाहेरच्या जमिनीपेक्षा सुमारे एक मीटर खाली आहे. दर पावसाळ्यात मागच्या खोलीत, भिंत आणि फरशी जिथे मिळतात त्या सांध्यातून पाणी येत असे. पावसाची सर आल्यावर ते लगेच दिसत नसे. काही तासांनी येई आणि उघडीप पडल्यावरही दोन-तीन दिवस पाझरत राही. हे पागोळ्यांचे पाणी नसून भूजल आहे, याची खूण हीच. सच्छिद्र जांभ्यात मुरलेले पाणी खालच्या चिकण थरावर अडते, उताराकडे सरकते आणि वाटेतल्या भिंतीमागे साचते. १ मीटर साठलेल्या पाण्याचा दाब तळाशी दर चौरस मीटरला सुमारे १ टन असतो, त्यामुळे आतून लावलेला जलरोधक लेप एखाददुसऱ्या पावसाळ्यात फुगून सुटतो.

म्हणून उन्हाळ्यात मागच्या भिंतीबाहेर चर खणून घेतला. त्याचा तळ फरशीच्या खाली, पण पायाच्या तळाच्या वर ठेवला, कारण पायाखालची माती मोकळी करणे धोक्याचे असते. चरात जिओटेक्स्टाइल कापड अंथरून २० मिमी खडी, तीत १०० मिमी व्यासाचा, छिद्रे खाली असलेला पाइप आणि १०० ला १ उतार, अशी रचना केली. पुढच्या बाजूची जमीन तेवढी खाली नसल्याने पाणी उताराने आपोआप बाहेर काढता आले नाही. ज्यांना ते शक्य आहे त्यांनी पंपाच्या वाटेस जाऊच नये.

पाइपातले पाणी जिथे जमते आणि पंप जिथून ते उपसतो, तो संपचा खड्डा ६० सेंमी व्यासाचा आहे. जोरदार पावसात पंप बंद ठेवून पाहिले, तेव्हा पाणी दोन मिनिटांत १० सेंमी चढले, म्हणजे मिनिटाला सुमारे १४ लिटर. आमचा पंप या उंचीवर मिनिटाला सुमारे १०० लिटर उपसतो. फ्लोट स्विचच्या चालू आणि बंद पातळ्यांत ३० सेंमी अंतर ठेवल्याने तो सुमारे मिनिटभर चालतो आणि सहा मिनिटे थांबतो. अंतर कमी असते तर सतत चालू-बंद होऊन मोटर लवकर जळाली असती. पाइपमधले पाणी परत खड्ड्यात येऊ नये म्हणून नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आवश्यक आहे. वीज नेमकी मुसळधार पावसातच जाते, म्हणून पंपाला इन्व्हर्टर जोडण्याचा खर्च मला अनाठायी वाटत नाही.

या पावसाळ्यात फरशी कोरडी राहिली. भिंतीच्या खालच्या भागातील पांढरा क्षार मात्र तसाच आहे, कारण दगड-चुन्यातून केशाकर्षणाने चढणारी ओल चराने थांबत नाही. शिवाय जांभ्याच्या पाण्यातील लोहामुळे पाइपात तांबूस बुळबुळीत गाळ धरू लागला आहे. चराच्या वरच्या टोकाला तोंड ठेवलेले असल्यामुळे तिथून जोरात पाणी सोडून तो धुता येतो, आणि गणपतीनंतर एकदा तसे करावेच लागले.