रोजचे हसतमुख अभिवादन: सौजन्य, संकोच की ओढ?

कार्यालयात दुसऱ्या विभागातील एक व्यक्ती रोज सकाळी लिफ्टपाशी भेटते, मनापासून हसून "गुड मॉर्निंग, कसे आहात?" असे विचारते, आणि तेथेच संभाषण संपते. या वागण्यामागे सौजन्य, संकोच आणि ओढ अशा तीन शक्यता असतात. अडचण अशी की अभिवादनाच्या क्षणी तिन्ही अगदी सारख्या दिसतात, त्यामुळे हसण्याच्या गोडव्यावरून काहीही ठरवू नये. मानववंशशास्त्रज्ञ मॅलिनोव्स्की यांनी 1923 मध्येच दाखवून दिले होते की अशी विचारपूस माहितीसाठी नसून केवळ नाते राखण्यासाठी असते.

पहिला फरक इतरांशी तुलना केल्यावर कळतो. सुरक्षारक्षकाला, चहावाल्याला आणि आपल्या शेजारी उभ्या असलेल्या सहकाऱ्यालाही तेच हसू मिळत असेल, तर तो त्या व्यक्तीचा स्वभाव आहे. इतरांना नुसती मान हलवून आपल्यापाशी मात्र पाऊल मंदावत असेल, तर पुढे पाहण्यास जागा आहे.

दुसरी कसोटी वेळेची. सकाळी हजेरीची घाई असते, म्हणून तेव्हाच्या मौनाला अर्थ नसतो. दुपारी कँटीनमध्ये निवांत असतानाही ती व्यक्ती दोन शब्दांवर थांबते का, हे पाहावे.

सर्वांत विश्वासार्ह खूण मात्र आठवणीची आहे, असे मला वाटते. समजा, सप्टेंबरमधील एका शुक्रवारी आपण सहज सांगितले की उद्या कासच्या पठारावर फुले पाहायला निघालो आहोत, आणि "तुम्ही कधी गेला आहात का?" असेही विचारले. सौजन्याने वागणारी व्यक्ती "अरे वा, मजा करा" म्हणून विषय प्रेमाने मिटवते आणि सोमवारी पुन्हा "कसे आहात?" इतकेच विचारते. संकोची पण ओढ असलेली व्यक्ती त्या दिवशी कदाचित याहूनही कमी बोलेल, उत्तर देताना गडबडेल, परंतु सोमवारी "फुले होती का?" असे स्वतःहून विचारेल. ओढ असून संकोच नसेल, तर उलटा प्रश्न तेथल्या तेथेच येतो, किंबहुना अशी व्यक्ती इतके दिवस केवळ अभिवादनावर थांबलीच नसती. म्हणून खरी निवड सौजन्य आणि संकोच या दोहोंतच करायची असते.

एकदा विसर पडणे स्वाभाविक आहे. त्यामुळे काही दिवसांनी दुसऱ्या विषयावर आणखी एक संधी द्यावी. तीही तशीच विरली, तर ते सौजन्यच समजावे. मित्रत्वाच्या वागण्यात आकर्षण वाचण्याची चूक पुरुषांकडून अधिक होते, असे अँटोनिया ॲबी यांच्या 1982 च्या प्रयोगात आढळले होते, म्हणून पुरुष वाचकांनी हा निष्कर्ष विशेष गांभीर्याने घ्यावा. त्यानंतर लिफ्टपाशी वाट पाहत थांबू नये किंवा सहकाऱ्यांकरवी मन काढून घेऊ नये; अभिवादनाला पूर्वीइतक्याच मोकळेपणाने उत्तर देत राहावे.