पोलाद, टाइल आणि काळा पाषाण: ग्राइंडरला कोणती चकती लावावी?

बोहरी आळीतल्या दुकानात ‘चार इंची चकती द्या’ असे सांगितले की जाणता दुकानदार आधी ‘कशासाठी?’ असे विचारतो. गिऱ्हाईक मात्र बहुधा ‘ॲल्युमिनियम ऑक्साइड घेऊ, रेझिन बाँड घेऊ की डायमंड?’ या प्रश्नात अडकलेले असते. हा प्रश्नच थोडा फसवा आहे, कारण ही तीन नावे एका रांगेत बसत नाहीत. ॲल्युमिनियम ऑक्साइड आणि हिरा हे कापणारे कण आहेत, तर रेझिन हा कण धरून ठेवणारा डिंक आहे. पोलाद कापण्याची नेहमीची पातळ चकती म्हणजे रेझिनमध्ये बसवलेले ॲल्युमिनियम ऑक्साइडच असते आणि आत काचतंतूंची जाळी असते. तिच्यावरच्या खुणेतला ‘ए’ कणाचा असतो आणि ‘बीएफ’ जाळीदार रेझिनचे. ‘सी’ असेल तर कण सिलिकॉन कार्बाइडचा, म्हणजे चकती दगड-विटांसाठीची आहे. दिसायला दोन्ही जवळजवळ सारख्याच असल्याने हे एक अक्षर वाचून घ्यावे.

आमच्या कोथरूडच्या घरी बाल्कनीत भांडी घासण्याची मोरी करायची होती, तेव्हा तिन्ही पदार्थ एकाच आठवड्यात समोर आले: सिंकच्या आधारासाठी ४० मिलिमीटरचा, ५ मिलिमीटर जाडीचा लोखंडी अँगल, भिंतीलगतची व्हिट्रिफाइड टाइल आणि दारातली काळ्या पाषाणाची जुनी पायरी.

अँगलसाठी निवड सोपी होती. पोलाद चिवट असते. त्यावर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा कण बोथट झाला की तुटतो आणि त्याला नवी धार येते, तर झिजलेला कण रेझिन सोडून देते. चकतीचे लहान होत जाणे हा दोष नसून तिच्या कापण्याची रीतच आहे. हिरा कठीण असूनही इथे कामाचा नाही. हिरा म्हणजे कार्बन, आणि तापलेले लोखंड कार्बन आपल्यात ओढून घेते, त्यामुळे टाइलची महाग ब्लेड सळईवर चालवली की तिची धार बघता बघता जाते. धातूसाठीच बनवलेल्या हिऱ्याच्या वेगळ्या चकत्या मिळतात, पण घरगुती कामाला त्यांची गरज नाही. जाडीबाबत माझे मत स्पष्ट आहे: कापायला १ मिलिमीटरचीच घ्यावी. ३ मिलिमीटरची चकती तिप्पट रुंद खाच पाडते, म्हणजे तिप्पट लोखंडाचा भुगा करते आणि कड निळी पडेपर्यंत तापवते. मात्र पातळ चकतीने कड घासू नये, कारण तिला आडवा दाब सोसत नाही आणि ती फुटते. घासण्यासाठी मधे खोलगट असलेली, सुमारे ६ मिलिमीटर जाडीची ग्राइंडिंग चकती वेगळी घ्यावी.

रेझिनची एक मर्यादा पुण्याच्या पावसाळ्यात विशेष जाणवते. ओल धरली की रेझिन कमकुवत होते. मधल्या धातूच्या कड्यावर वापराच्या मुदतीचा महिना आणि वर्ष उमटवलेले असते, ते पाहावे आणि गच्चीवरच्या पेटीत भिजलेली चकती सरळ टाकून द्यावी. हिऱ्याच्या ब्लेडची कडा धातूच्या बंधाची असल्याने तिला अशी मुदत नसते. तिच्याबाबत पाते वाकले आहे का आणि कडेचा एखादा तुकडा निखळला आहे का, एवढेच तपासावे.

टाइलवर कण निवडण्याचा प्रश्नच उरत नाही, हिराच लागतो. ‘सी’ खुणेच्या स्वस्त चकतीने व्हिट्रिफाइड टाइल कापून पाहिली, तर धूळ फार होते, चकती झरझर झिजते आणि पृष्ठभागाचे टवके उडतात. खरी निवड आहे ती कडेची. खाचा असलेल्या कडेच्या ब्लेडने काम लवकर होते, पण प्रत्येक खाच टाइलच्या तकाकीवर आपटते. म्हणून टाइलसाठी अखंड कडेची, पातळ ब्लेड घ्यावी. आमच्या टाइलमध्ये पाइपासाठी कोपऱ्यातून १२० गुणिले ८० मिलिमीटरचा चौकोन काढायचा होता. दोन रेघा जिथे मिळतात तिथे आधी ६ मिलिमीटरचे भोक पाडले, मग रेघेवरून जेमतेम एक-दोन मिलिमीटर खोल पहिला हात फिरवला आणि त्यानंतरच पूर्ण कापले. भोक न पाडता गोल चकती आतल्या कोपऱ्यापर्यंत नेली, तर तळापर्यंत कापण्यासाठी ती वरच्या बाजूने रेघ ओलांडते आणि त्याच टोकातून पुढे तडा धावतो. टाइलवर स्पंजाने थोडे पाणी लावत राहिलो, मात्र ग्राइंडर पाण्याच्या धारेखाली चालवण्यासाठी केलेला नसतो. पाण्याची नळी असलेला मार्बल कटर हे वेगळे यंत्र आहे.

त्या कटरची ११० मिलिमीटरची ब्लेड ग्राइंडरला लावण्याचा मोह अनेकांना होतो. तिचे भोक सहसा २० मिलिमीटरचे आणि चार इंची ग्राइंडरची बैठक १६ मिलिमीटरची असते. त्यामुळे मधे भोक लहान करणारे कडे न घालता ब्लेड कसली, तर ती केंद्रातून सरकून थरथरते. शिवाय ती गार्डच्या आत मावत नाही म्हणून गार्डच काढला जातो, आणि ब्लेड अडकून यंत्र उलटे उसळते तेव्हा हात आणि ब्लेड यांच्यामध्ये काहीच उरत नाही. १०० मिलिमीटरची, आपल्या बैठकीला बसणारी ब्लेड मिळत असताना हा उद्योग करू नये.

दगडाच्या बाबतीत मात्र ‘हिरा घ्या’ एवढे उत्तर पुरत नाही, आणि माझी चूक इथेच झाली. ओट्याचा कडाप्पा आणि शहाबादी फरशी हे चुनखडीचे दगड आहेत आणि त्यांना साधी ब्लेड सहज पुरते. पायरीचा काळा पाषाण म्हणजे आपल्या पठाराचा बेसॉल्ट असतो. मी त्याला काँक्रीटसाठीची, खाचांच्या कडेची ब्लेड लावली. पहिली दोन बोटे ती झकास चालली, मग खाच पुढे सरकेना, ठिणग्या वाढल्या आणि मी मूर्खासारखा दाब वाढवत राहिलो. ब्लेड काढून कडेवर अंगठा फिरवला, तेव्हा ती काचेसारखी गुळगुळीत लागली.

याचे कारण बंधात आहे. हिऱ्याचे कण धातूत रोवलेले असतात आणि धातू झिजला तरच नवा कण वर येतो. काँक्रीटमधली वाळू धातू भराभर खरवडते, म्हणून त्या ब्लेडचा बंध मुद्दाम कठीण ठेवतात. बेसॉल्ट घट्ट आणि कठीण असतो, पण त्यात मोकळ्या वाळूसारखा खरवडणारा भाग फारसा नसतो. त्यामुळे वरचे हिरे बोथट होतात आणि धातू तसाच राहतो. म्हणजे कठीण दगडाला मऊ बंधाची ब्लेड हवी, आणि ती ‘ग्रॅनाइटसाठी’ असे लिहिलेल्या पाकिटात मिळते. गुळगुळीत झालेली ब्लेड वाया जात नाही. सिमेंटच्या खरबरीत ब्लॉकमध्ये पाच-सहा उथळ काप घेतले की धातू खरवडला जाऊन कण पुन्हा बोटाला टोचू लागतात.

नवी ब्लेड लावली, तरी पायरी ६० मिलिमीटर जाड होती आणि चकती कसून धरणाऱ्या फ्लँजची जागा वजा जाता १०० मिलिमीटरची चकती पंचवीस-तीस मिलिमीटरपेक्षा खोल जात नाही. म्हणून एका दमात न कापता दर फेरीला पाच-सहा मिलिमीटर याप्रमाणे दोन्ही बाजूंनी साधारण २० मिलिमीटर खोल खाच पाडली, मध्ये मध्ये ब्लेड मोकळी फिरवून थंड केली, आणि उरलेला गाभा पाथरवटाने रुंद छिन्नीचे चार ठोके सरळ रेषेत देऊन तोडला.