कव्हर पेजवर सही माझी, आतली पानं बदललेली! 1,76,000 माझ्या पगारातून कापले जातायत

खूप दिवस लिहू की नको चाललं होतं, लाज वाटत होती, कारण बजेट तपासणं हे माझं रोजचं काम आहे आणि मीच फसले. पण कालच अजून एका ठिकाणी हाच प्रकार झाल्याचं कळलं, म्हणून लिहितेय.

आमच्याकडे बजेटच्या कव्हर पेजवर खाली तीन रकाने असतात, तयार करणार, तपासणार आणि मंजूर करणार. मी मधली. बेरजा, कोटेशनचे दर, खर्च कुठल्या हेडखाली टाकलाय हे सगळं मी बघते. मंजुरी देणारे साहेब सगळी पानं वाचत नाहीत, माझी सही दिसली की पुढे सही करतात. सगळीकडे असंच चालतं.

मी तपासलेलं बजेट 18,48,000 चं होतं. मूळ खर्च 16,80,000 आणि त्यावर 10 टक्के आकस्मिक खर्च 1,68,000. एकेक ओळ मी कोटेशनशी ताडून बघितली होती, त्यात काही चुकलं नव्हतं. मंजूर झालं ते 23,76,000 चं!! यंत्रांचं भाडं 30,000 रोजाने 10 दिवसांचं होतं ते 20 दिवस झालं, म्हणजे 3,00,000 वाढले. वाहतूक 1,20,000 ची 3,00,000 झाली. आणि आकस्मिक खर्च टक्केवारीने असल्यामुळे तो आपोआप 48,000 ने फुगला. फरक 5,28,000. बेरीज मात्र अगदी बरोबर, त्यामुळे वरवर बघणाऱ्याला संशय यायचं कारणच नाही.

आता तो क्षण, जो मला रात्री झोपू देत नाही. सगळं तपासून झाल्यावर बजेट तयार करणाऱ्याने कव्हर पेज वेगळं आणून समोर ठेवलं, म्हणाला मॅडम फॉरमॅट जरा बदललाय, आतलं सगळं तेच आहे. त्यावर रकमेच्या जागी "सोबतच्या तक्त्याप्रमाणे" एवढंच छापलेलं. आवृत्ती क्रमांक नाही, एकूण पानं किती ते नाही. मी तारीख टाकायला पेन टेकवलं तर म्हणाला, तारीख राहू द्या, तिघांची एकाच दिवसाची दिसायला हवी, मी टाकतो. तिथेच हात थांबायला हवा होता हो! पण त्या दिवशी टेबलावर चार बजेटं, वर्षअखेर, आणि हा माणूस आठ वर्षं शेजारी बसून डबा खाणारा. केली सही.

कोरी तारीख कधीही सोडू नका. कुणीही सांगो.

ऑडिटमध्ये निघालं तेव्हा मी मूळ फाईल मागवून बघितली. तिन्ही तारखा एकाच पेनाने, एकाच हस्ताक्षरात, आणि ती तारीख माझ्या रजेच्या दिवसाची! त्याहून मोठं म्हणजे कव्हर पेजच्या कोपऱ्यात स्टेपलरची चार भोकं होती आणि आतल्या प्रत्येक पानाला दोनच. म्हणजे कव्हर एकदा सोडवून दुसऱ्या गठ्ठ्याला लावलंय, हे शाळेतलं पोरही सांगेल.

पण ऐकतंय कोण? चौकशी समितीने विचारलं, सही तुमचीच ना? हो म्हटलं, विषय संपला. पोलीस म्हणाले हा तुमचा अंतर्गत मामला आहे, आधी ऑफिसचं पत्र आणा, आणि ऑफिस म्हणतं पोलिसांत गेलात तर शिस्तभंग. हस्ताक्षर तज्ज्ञाकडे पाठवा म्हटलं तर उत्तर आलं की सही खरी आहे हे तुम्हीच मान्य केलंय, मग तपासायचं काय? अहो, तारखा तपासा ना, सहीबद्दल वाद कुणी घातलाय! तीन महिने मी हेच बोलतेय. शेवटी 5,28,000 चे तीन समान भाग केले, ज्याने केलं त्याला 1,76,000 आणि मलाही 1,76,000. मी एक पैसा घेतला नसताना!

आता मी सहीशेजारी एकूण रक्कम स्वतःच्या हाताने आकड्यात आणि अक्षरात लिहिते. आतल्या प्रत्येक पानावर आद्याक्षरं, आणि "7 पैकी पान 1" छापलेलं नसेल तर कागद परत. कोणी रागावलं तरी चालेल. सहीचा स्कॅन केलेला फोटो कुणालाही देऊ नका, तो कुठल्याही कव्हरवर चिकटतो. खरी डिजिटल सही पूर्ण पीडीएफवर लागते, नंतर आत काही बदललं तर तपासताना दिसतं, तशी सोय असेल तर तीच वापरा. आणि सही केल्या केल्या सगळ्या पानांची प्रत स्वतःकडे ठेवा. माझ्याकडे फक्त एक्सेलची जुनी फाईल होती, ती "नंतर बदलली असेल" म्हणून समितीने बाजूला टाकली.

महिना 11,000 असे 16 हप्ते आहेत, दोन कापले गेलेत. अपील टाकलंय. मूळ कव्हर पेज अजून त्यांच्याच कपाटात आहे, म्हणून त्या चार भोकांचा पट्टी शेजारी ठेवून फोटो काढलाय आणि तो अपिलाला जोडलाय.