शेपूट कापायचं, साखळी टांगायची, की कप्प्यातली डुकरं कमी करायची?

गोव्यातल्या वाळपईजवळच्या आमच्या शेडमधला तिसरा कप्पा दहा फूट बाय बारा फुटांचा. खाली काँक्रीट, दहा फुटांच्या बाजूला खाण्याची लांबोडकी द्रोणी आणि मागच्या कोपऱ्यात पाण्याचा एक निपल. दोन वर्षांपूर्वी यात यॉर्कशायर संकराची चौदा पिल्लं सोडली, तेव्हा ती एकमेकांना चिकटून एका कोपऱ्यात मावत होती आणि उरलेला कप्पा रिकामा वाटे. ऑगस्टपर्यंत ती पंचावन्न किलोच्या आसपास गेली. एके सकाळी भिंतीवर दीड फूट उंचीवर तांबडे शिंतोडे दिसले. वाकून पाहिलं तर एकाच्या शेपटीचं टोक गेलेलं, जखमेवर माशा, आणि दोघं त्याच्या मागे मागे.

सल्ले तीन आले. सोयरा म्हणाला, "कापून टाक, मग चावणार काय?" एकाने चावायला साखळी नाहीतर टायर टांगायला सांगितलं. तालुक्याच्या पशुवैद्यांनी एकच विचारलं: "चौदाच्या चौदा एका वेळी द्रोणीवर उभी राहतात का?" मला तेव्हा तो प्रश्न उगाच वाटला होता.

तुमच्यापुढे आज हेच पर्याय असतील, तर आधी तुमच्याकडे कोणतं चावणं चालू आहे ते ओळखा. पहिला प्रकार सावकाश वाढतो. मोकळं डुक्कर जागेपणीचा बराचसा वेळ नाकाने उकरण्यात, चघळण्यात घालवतं. कुळागरात शिरलेलं गावठी डुक्कर पाहिलंत तर ते ठाऊक असेलच. काँक्रीटवर त्या नाकाला काही सापडत नाही. कप्प्यात मऊ, हलणारी आणि तोंडात मावणारी एकच वस्तू असते, पुढच्याचं शेपूट. सुरुवातीला ते नुसतं चघळलं जातं आणि ज्याचं आहे तोही उभा राहतो. मग कातडी फुटते, रक्त येतं, आणि रक्ताने बाकीची ओढली जातात. इथून पुढे दोन दिवसांत अर्धा कप्पा जखमी होऊ शकतो. दुसरा प्रकार एकदम होतो, त्याच्यामागे कंटाळा नसतो. खाण्यापर्यंत पोचता न आलेलं डुक्कर पुढच्याला हटवायला त्याच्या शेपटीचा जोरात लचका तोडतं. तिसराही एक आहे. एखादंच जनावर वेड लागल्यासारखं शेपट्यांमागे लागतं. त्याला बाहेर काढल्याशिवाय इलाज नाही.

माझ्याकडे पहिले दोन्ही चालू होते. ते का, हे मला जमिनीचा हिशेब केल्यावर कळलं. द्रोणी वजा जाता कप्प्यात एकशेदहा चौरस फूट उरतात. डुक्कर झोपण्याची जागा आणि हागण्याची जागा वेगळी ठेवतं, त्यामुळे साधारण तिसरा हिस्सा ओलाच असतो. झोपायला उरले पंचाहत्तर फूट. पंचावन्न किलोचं डुक्कर कुशीवर पाय पसरून आडवं झालं की त्याला सव्वासात चौरस फूट लागतात. आपल्या हवेत ते तसंच झोपणार, कारण त्याला घाम येत नाही आणि अंगाची उष्णता टाकायला गार फरशीच लागते. म्हणजे या कप्प्यात धड दहा झोपतात. उरलेली चार ओल्यात पडतात किंवा दुसऱ्यांवर चढतात, झोपलेल्यांना उठवतात, आणि कोणाचंही शेपूट कोणाच्याही तोंडापासून वीतभरावर येतं. चावा बसलेल्याला पळायलाही जागा नसते. हीच डुकरं नव्वद किलोची झाली की प्रत्येकी दहा फूट लागतात आणि त्याच जागेत सातच झोपतात. युरोपातला कायदा पन्नास ते पंच्याऐंशी किलोच्या डुकराला किमान ०.५५ चौरस मीटर, म्हणजे जेमतेम सहा फूट मागतो. त्या मापाने माझा कप्पा पास होता! तेव्हा कागदावरचं किमान माप आणि गोव्याच्या उकाड्यात पसरून झोपणारं जनावर यांतला फरक विसरू नका.

आता शेपूट कापण्याचं पाहू. हा सगळ्यात कमी मेहनतीचा उपाय दिसतो, आणि मोठ्या व्यापारी फार्मांवर तो जगभर चालतो. आखूड शेपूट तोंडात कमी येतं आणि थोटक्याला दुखत असल्याने डुक्कर लगेच सरकतं, म्हणून चावे कमी होतात हे खरं. पण ते काम जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांतच करतात. तुम्ही माझ्यासारखी दोन महिन्यांची पिल्लं विकत आणत असाल, तर तो विषय तिथेच संपला. त्या वयात भूल न देता कापणं म्हणजे रक्तस्राव, जंतुसंसर्ग आणि निव्वळ क्रौर्य. कापलेल्या जागी मज्जातंतूंच्या गाठी होऊन दुखणं पुढेही राहू शकतं. कायद्याचंही पाहा: १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात खच्चीकरण, गुरांची शिंगं काढणं, डागणं, वेसण घालणं यांना सवलत आहे, त्या यादीत शेपूट नाही. घरच्या डुकरिणी असल्या तरी मी हा मार्ग घेणार नाही, कारण गर्दी आणि कंटाळा तसाच राहतो. शेपूट नसलं की तोंड कानांकडे आणि बगलेकडे वळतं. स्वीडनने १९८८ पासून शेपूट कापणं बंद ठेवलं आहे, फिनलंडने २००३ पासून. तिथे डुकरं पाळणं काही थांबलेलं नाही.

साखळी आणि टायर स्वस्त, टिकाऊ, आणि धुण्याच्या आड येत नाहीत. पण डुक्कर जे हुंगून, चावून, उकरून, थोडं खाऊनही बघू शकतं, त्यातच ते रमतं. साखळी यांतल्या एकाच कसोटीला जेमतेम उतरते. पहिले दोन दिवस झुंबड आणि नंतर ती नुसती लोंबते. जुन्या टायरचा धोका वेगळा आहे. रबर झिजलं की आतल्या तारा बाहेर येतात आणि जबड्यात घुसतात. मी तो आठवड्यात काढला.

पेंढ्याची आणि साखळीची मी तुलनाच करणार नाही. दिवसातून दोनदा, डुक्करामागे एक छोटी मूठ, एवढा भाताचा पेंढा जमिनीवर पसरला तरी फरक दिसतो. एकदम भारा टाकला तर तो अर्ध्या दिवसात तुडवून ओला होतो आणि मग कोणी बघत नाही. थोडा थोडा आणि ताजा हेच यातलं खरं. नारळाचं सोडणही मला आवडतं. एक सोडण दोन-तीन डुकरांना तासभर पुरतं. सुंभात ओवून नाकाच्या उंचीवर बांधलं तर स्वच्छ राहतं. केळीचा खांब चिरून टाकला तर तो खाल्लाच जातो. मात्र एकच वस्तू असेल तर तिच्यासाठीही भांडणं लागतात, म्हणून तीन-चार ठिकाणी टांगा.

पेंढ्याचा त्रास लपवून उपयोग नाही. सोडणाच्या शिरा आणि लांब पेंढा गटारात अडकतो, म्हणून पेंढा वीतभर तोडून घ्या आणि गटाराच्या तोंडाला जाळी लावा. पावसाळ्यात साठवलेल्या पेंढ्याला बुरशी येते. काळसर, कुबट वास येणारी पेंढी आत टाकू नका, बुरशीचं विष पोटात जातं. पेंढ्याच्या ढिगात उंदीर होतात आणि लेप्टोच्या दिवसांत ते नको. फळ्यांवर, भिंतीपासून लांब ठेवा. तुमची जमीन फटींची असेल तर मोकळा पेंढा जमणार नाही, मग जाळीच्या कप्प्यात कोंबून भिंतीला लावा.

आता त्या पशुवैद्यांच्या प्रश्नाकडे येतो, कारण माझं अर्धं उत्तर तिथेच होतं. मोठ्या डुकराला द्रोणीवर एक फूट लागतो. दहा फुटांची द्रोणी, चौदा तोंडं, आणि हॉटेलांतून उकळून आणलेलं खाणं दोनदाच येतं, कधी तासभर उशिरा. रोज दोनदा चार डुकरं मागे उभी राहत आणि समोर काय असे तर पुढच्यांची ढुंगणं. इथे कितीही सोडणं टांगली तरी ते चावे थांबणार नव्हते. उलट रिकाम्या नाकाला पेंढा न देता नुसती द्रोणी वाढवली असती, तर सावकाशीचं चघळणं चालूच राहिलं असतं. जागा आधी मोकळी करायची आणि मग पेंढा, हा माझा क्रम. पैसे एकाच गोष्टीला असतील तर मी डुकरं कमी करीन.

मी पाच डुकरं दुसऱ्या कप्प्यात हलवली. ती पाचही एकत्र नेली, कारण अनोळखी डुकरांत एकेक मिसळलं की नव्या मारामाऱ्या होतात. उरलेल्या नवांपैकी सगळ्यांना द्रोणीवर जागा झाली. दुसरा निपल समोरच्या भिंतीवर बसवला. मधोमध तीन फूट लांब, अडीच फूट उंच आडवी भिंत घातली. पाठलाग झाला की तिच्या आड जाता येतं आणि दुपारी काहीजण तिला पाठ लावून झोपतात. वाऱ्याच्या बाजूचा पत्रा दोन फूट उचलला, त्याने अमोनियाचा डोळ्याला झोंबणारा वास उतरला. यातलं भिंतीचं काम सोडलं तर बाकी दोन दिवसांत झालं.

हलवलेल्या पाचांपैकी जखमी तिघांना त्याच दिवशी वेगळं केलं, जखम धुऊन माशा बसू नयेत असं औषध लावलं, आणि खोल जखम असलेल्या एकाला पशुवैद्यांनी अँटिबायोटिक दिलं. हे टाळू नका: शेपटीतून जंतू वर सरकून पाठीच्या कण्याशी किंवा फुप्फुसात गळू होतं, मागचे पाय लुळे पडतात, आणि कत्तलीनंतर ते मांस टाकावं लागतं. बरी झालेली मी परत तिसऱ्या कप्प्यात सोडली नाहीत. नवांतला एक नर मात्र पेंढा असूनही शेपटीमागेच होता. तो तिसऱ्या प्रकारातला निघाला, म्हणून त्याला एकटं ठेवून लवकर विकला. आठ राहिले. त्यांना नव्वद किलोला सातचीच जागा होती, पण शेवटचा महिना त्या एकाच्या जास्तीने काढला.

आता रोज खाणं घालायच्या अर्धा तास आधी मी पाच मिनिटं काहीही न बोलता कप्प्यापाशी उभा राहतो. उभ्या डुकरांची शेपटं वळलेली असतील तर ठीक. दोघा-तिघांनी ती पायांत दाबली असतील, तर जखम दिसत नसली तरी त्या दिवशी पेंढा दुप्पट आणि निपल तपासणं. दाबलेलं शेपूट रक्ताच्या दोन-तीन दिवस आधी दिसतं. गेल्या पावसात एकदा असंच चार शेपटं खाली दिसली आणि पाहिलं, तर निपलात शेवाळ अडकून पाणी थेंबथेंब येत होतं.