तीस वर्षांचा सरकारी रोखा घ्यावा की कॉलवाला कंपनी रोखा?

नाशिकरोडचे माझे मेहुणे परवा दोन रोख्यांची माहितीपत्रकं घेऊन आले. एक तीस वर्षांचा सरकारी रोखा, सात टक्क्यांचा. दुसरा कंपनीचा, साडेआठचा, पण पाच वर्षांनी पैसे परत करायची मुभा, म्हणजेच कॉल, कंपनीला असलेला. दोन्ही प्रकार मी घेऊन पाहिलेत. कंपनी बुडण्याचा धोका हा वेगळा विषय, तो इथे काढत नाही.

त्यांना मी आधी सरकारी रोख्याचा हिशेब मांडून दाखवला. आज बाजारातला व्याजदर सात आहे, रोख्याची किंमत शंभर. दर सहावर आला तर किंमत साधारण ११३.८४ होते. आठवर गेला तर ८८.६९. म्हणजे तितक्याच बदलात कमाई पावणेचौदा रुपये आणि फटका सव्वाअकराचा. "हे वरचे अडीच रुपये आले कुठून?" मेहुण्यांनी विचारलं. दर उतरला की विसाव्या-पंचविसाव्या वर्षीच्या व्याजाला आजच्या हिशेबात जास्त वजन येतं, त्यामुळे रोखा दराच्या पुढच्या घसरणीला आणखी जोरात प्रतिसाद देतो. सहावरून पाचवर आला तर किंमत आणखी सतरा रुपयांनी वाढते. दर चढला की उलट होतं, लांबचे हप्ते हलके होत जातात आणि प्रत्येक पुढची चढ आधीपेक्षा कमी बोचते. हीच कन्व्हेक्सिटी.

आता कंपनीचा रोखा. मी २०१५ मध्ये असाच एक घेतला होता. व्याज वेळच्या वेळी जमा व्हायचं, तक्रार नव्हती. मे २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर चार टक्क्यांवर आणला आणि आता किंमत चढेल म्हणून मी खुशीत होतो. पण कॉलची तारीख जवळ असल्याने ती शंभराच्या आसपासच अडकून राहिली, कारण कंपनी शंभर देऊन मोकळी होणार हे बाजाराला कळत होतं. तसंच झालं. एका सकाळी खात्यात मुद्दल जमा झाल्याचा संदेश आला, आणि ते पुन्हा गुंतवायला गेलो तर सरकारी रोख्यांवर जेमतेम सहा टक्के मिळत होते. दर वाढले असते तर मात्र कंपनीने रोखा तसाच चालू ठेवला असता आणि घसरण माझ्या वाट्याला आली असती. वरची बाजू कापलेली, खालची मोकळी. मला सललं ते हे.

दर जागच्या जागी राहिले तर दीड टक्का जास्त देणारा कंपनीचाच रोखा सरस ठरतो, हे मान्य केलं पाहिजे. शिवाय दर चढत गेले तर तीस वर्षांच्या रोख्यातला तोटा लहान नसतो, आणि मध्येच विकायचा झाला तर गिऱ्हाईक पटकन मिळत नाही. पाच-सात वर्षांत पैसे लागणार असतील तर मी तो सुचवणार नाही. मेहुण्यांना तशी घाई नाही. मी त्यांच्या जागी असतो तर दोन तृतीयांश रक्कम सरकारी रोख्यात घातली असती.