50 केव्हीएआरचा एपीएफसी पॅनेल, रबाळ्याच्या वर्कशॉपमध्ये आठ महिने वापरल्यावर

आमचा फॅब्रिकेशनचा गाळा रबाळे एमआयडीसीत आहे. दोन लेथ, दोन पॉवर प्रेस, तीन वेल्डिंग ट्रान्सफॉर्मर आणि एक कॉम्प्रेसर, बस एवढंच. एपीएफसी पॅनेल म्हणजे पीएफ, पॉवर फॅक्टर हो, बघून कॅपॅसिटर आपोआप आत-बाहेर करणारा पॅनेल. तो बसवून आठ महिने झाले, पीएफ आता 0.97-0.98 ला असतो, म्हणजे काम झालं. पण त्याच्याआधी एक महिना असा गेला की बिल बघून डोकं फिरलं, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

बिलावर पीएफ 0.74 यायचा. काँट्रॅक्टर आला, बिल बघितलं, मोबाईलवर हिशोब केला. महिन्याला 7,200 युनिट, रोज नऊ तास आणि 26 दिवस म्हणजे 234 तास, भागून साधारण 31 किलोवॅट. टार्गेट 0.98. फॉर्म्युला सगळ्यांना माहीत असतो तोच:

kVAR = kW × (tan φ1 − tan φ2)

0.74 चा टॅन येतो 0.909 आणि 0.98 चा 0.203. फरक 0.706, गुणिले 31, झाले 22. "25 बसवू साहेब, थोडं जास्तीचं बरं." मेन स्विचच्या खाली 25 केव्हीएआरची कॅपॅसिटरची फिक्स बँक ठोकली आणि पैसे घेऊन गेला. हिशोबात चूक नाही हां, गुणाकार बरोबरच आहे.

पुढच्या बिलात पीएफ 0.50. आधीपेक्षा खाली! मला वाटलं मीटर बिघडला. एका रात्री दहा वाजता गाळ्यावर गेलो, सगळी मशीन बंद, फक्त वॉचमनचा एक बल्ब चालू, आणि मीटरचा डिस्प्ले एकेक करत फिरवत बसलो. लीडवाला, म्हणजे कॅपॅसिटर जास्त झाल्यावर वाढतो तो, केव्हीएआरएचचा आकडा एका फेरीत वेगळा, पुढच्या फेरीत अजून वर. आता काय ते कळलं, बँक रात्रभर चालू होती, लोड नाही काही नाही. महिन्याचे 720 तास, त्यातले आमचे 234, उरलेले 486 तास ती लाईनमध्ये रिअ‍ॅक्टिव्ह ढकलत होती. महावितरणच्या हिशोबात मोटरचं लॅग आणि कॅपॅसिटरचं लीड दोन्ही मिळवून धरतात, लीड म्हणजे फुकट असं काही नाही. आमचे दहा हजाराच्या वर लीड युनिट झाले होते, किलोवॅट अवरचे युनिट 7,200. मग 0.50 येणारच ना.

वॉचमनला सांगून रोज संध्याकाळी बँकेचा एमसीसीबी पाडायला लावला, तेवढ्यात रात्रीचं संपलं, पण दिवसाही 0.98 काही येईना. मग मित्राकडून लॉगर आणला आणि बँक बंद ठेवून आठवडाभर मेनवर लावला, दर पंधरा मिनिटांची नोंद. तेव्हा कळलं सरासरीने काय गंडवलं ते. सकाळी वेल्डिंग आणि दोन्ही प्रेस एकदम चालू असताना लोड 46 किलोवॅट आणि पीएफ 0.68. जेवणानंतर लोड 18 च्या आसपास, पीएफ अजून खाली, 0.57. पीएफ जास्त खराब म्हणजे कॅपॅसिटर जास्त लागणार असं मला वाटायचं, पण ते तसं नाहीये. प्रेसची मोटर रिकामी फिरत असली तरी मॅग्नेटायझिंगला करंट ओढतेच, किलोवॅट पडतो पण केव्हीएआर तेवढा पडत नाही, म्हणून पीएफ ढासळतो. दुपारी लागतात साधारण 22 केव्हीएआर. सकाळी 0.68 चा टॅन 1.078, त्यातून 0.203 वजा, गुणिले 46, म्हणजे 40. म्हणजे साईज सकाळच्या लोडवर ठरवायची, आणि ती सगळी एका वेळी लाईनवर ठेवायची नाही, स्टेपमध्ये आत-बाहेर करायची. बिलाच्या सरासरीत यातलं काहीच दिसत नाही.

अजून एक. कॅपॅसिटरवर जो आकडा असतो तो 440 व्होल्टचा. आमच्याकडे 415 येतं. आउटपुट व्होल्टेजच्या वर्गाने कमी होतं, 415 ला 440 ने भागून वर्ग केला की 0.89. म्हणजे प्रत्यक्ष 40 हवे असतील तर प्लेटवर 45 पाहिजेत. 50 घेतले, मिळतात 44-45. स्टेप 5, 5, 10, 10 आणि 20 अशा करून घेतल्या, म्हणजे सगळ्यात लहान पाऊल 5 चं पडतं. पहिला पॅनेलवाला 25 च्या दोन स्टेप देतो म्हणत होता, स्वस्तात पण, तर दुपारी 22 हवेत आणि 25 ची एकच स्टेप, संध्याकाळी लोड उतरला की ती आत ठेवली तर लीड, बाहेर काढली तर लॅग, स्टेप आत-बाहेर करणारा रिले दिवसभर मागे-पुढे करत बसला असता. त्याला नको म्हटलं.

बसवताना एक गंमत झाली, गंमत म्हणजे डोक्याला ताप. रिले पीएफ 0.70 दाखवतो, एकामागून एक पाचही स्टेप चालू करतो, सगळे काँटॅक्टर खटखट बसतात आणि आकडा हलत नाही, 0.70 ते 0.70. वायरमन म्हणे रिले खराब. तासाभराने लक्षात आलं की सीटी, म्हणजे रिलेला करंट दाखवणारा ट्रान्सफॉर्मर, चुकीच्या जागी आहे. कॅपॅसिटरचा टॅप मेनवरून निघतो, त्याच्या पुढे मशीनच्या बाजूला सीटी लावला होता, त्यामुळे रिलेला फक्त मशीनचा करंट दिसत होता, कॅपॅसिटरचा दिसतच नव्हता. सीटी टॅपच्या अलीकडे, इनकमरवर घेतला आणि दोन मिनिटांत 0.98. तुमच्याकडे स्टेप चालू होऊनही आकडा हलत नसेल तर नवा रिले घ्यायच्या आधी हे बघा.

आता आठ महिन्यांचं. बिलात पीएफ 0.97 ते 0.98, लीड जवळजवळ शून्य. सकाळची डिमांड आधी 67-68 केव्हीए जायची, आता 47-48. वेल्डिंगचे झटके मात्र पकडता येत नाहीत, कारण स्टेप बाहेर काढल्यावर कॅपॅसिटर डिस्चार्ज व्हायला वेळ द्यावा लागतो, आम्ही साठ सेकंद ठेवलेत, वेल्डरचा आर्क त्याच्या आधीच लागून विझलेला असतो. म्हणून तो शेवटचा पॉइंट इकडे तिकडे होतो, त्याच्या मागे लागून फायदा नाही.

सातव्या महिन्यात पीएफ 0.95 ला आला. पॅनेलवर सगळं चालू, दिवे लागलेले. क्लॅम्प मीटर घेऊन एकेक स्टेप बघितली. 10 च्या स्टेपला 415 वर प्रत्येक फेजला साधारण 12.4 अँपिअर यायला पाहिजेत. एकीला दोन फेजमध्ये 8-9 आणि तिसऱ्यात तर पाचच. डबा फुगलेला नाही, वास नाही, आत गेला होता. बदलला. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी क्लॅम्प लावून आकडे वहीत टाकतो, पाच मिनिटांचं काम आहे.

दिवाळीनंतर ड्राईव्हवाली सीएनसी घ्यायची आहे. ड्राईव्ह वाढला की हार्मोनिक्स वाढतात, मग कॅपॅसिटरसोबत 7 टक्क्यांचे रिअ‍ॅक्टर लावावे लागतील असं पॅनेलवाला म्हणतो, ते खरंही आहे. पण रिअ‍ॅक्टर लावला की कॅपॅसिटरवरचं व्होल्टेज 415 चं 446 होतं, म्हणजे आताचे 440 वाले चालणार नाहीत, जास्त व्होल्टेजचे घ्यावे लागतील आणि प्लेटवरच्या केव्हीएआरचा हिशोब परत पहिल्यापासून. त्याला सांगून ठेवलंय, आधी मशीन बसू दे, आठवडाभर लॉगर लागू दे, मग कोटेशन आण.