लिथियमच्या गोळ्या: दोष गोळीत नाही, पाकिटावर न लिहिलेल्या गोष्टीत आहे

मूड स्थिर राहतो का? राहतो. झोप परत आली, घरच्यांचा जीव भांड्यात पडला. त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती पेनकिलरची.

रोज रात्री ९०० मिलिग्रॅम घेतो. रक्तातली पातळी ०.७ वर छान बसली होती. मग कंबर धरली. हाडांच्या डॉक्टरांना लिथियम चालू असल्याचं सांगितलं, तरी त्यांनी डायक्लोफिनॅक लिहून दिलं. चार-पाच दिवसांत पोट बिघडलं. हाताला आधीपासून बारीक थरथर होतीच, ती आता इतकी जाड झाली की कपातला चहा सांडायला लागला. चालताना तोल जाऊ लागला. मानसोपचारतज्ज्ञांना फोन केला. पेनकिलर बंद, त्या रात्रीचं लिथियमही थांबवायचं आणि लगेच रक्त द्यायचं, असं त्यांनी सांगितलं. पातळी निघाली १.३. डोस तोच होता, एकही गोळी जास्त घेतलेली नव्हती!

कारण असं की लिथियम शरीराबाहेर जातं ते जवळजवळ सगळं मूत्रपिंडातूनच. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन या गोळ्या तिथला रक्तपुरवठा कमी करतात आणि लिथियम आतच साचतं. सर्दी-अंगदुखीच्या मिश्र गोळ्यांतही आयबुप्रोफेन असतं, म्हणून स्ट्रिपवरचे घटक वाचूनच घ्या. साध्या दुखण्याला मला आता फक्त पॅरासिटामॉल सांगितलंय.

पाण्याचंही तसंच. जुलाब, उलट्या, ताप किंवा खूप घाम यांत पाणी आणि मीठ घटलं की मूत्रपिंड मीठ धरून ठेवतं, आणि त्याच्याबरोबर लिथियमही. या गोळीने तहान लागते, लघवीला सारखं जावं लागतं. ते टाळायला पाणी कमी करणं सर्वांत वाईट. रोज साधारण सारखं पाणी प्यायचं, मीठ एकदम तोडायचं नाही.

रक्ततपासणीचा खर्च मला आधी डाचायचा. गोळी स्वस्त, तपासणी महाग! आता वाटतं, या औषधाची खरी किंमत त्या तपासणीतच आहे. परिणाम करणारी पातळी साधारण ०.६ ते १.०, आणि १.५ च्या वर विषबाधेचा धोका. इतकी कमी जागा असते. माझा त्रास तर १.३ लाच सुरू झाला, म्हणून फक्त आकड्यावर विसंबू नका. रक्त शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी द्या, सकाळची गोळी असेल तर ती रक्त दिल्यावरच. आणि नमुना लिथियम हेपॅरिनच्या ट्यूबमध्ये घेतला तर आकडा खोटाच वाढतो, हे लॅबमध्ये आवर्जून विचारा.

पेनकिलर थांबवल्यावर आठवड्याभराने पातळी परत ०.७ झाली. त्याच डोसवर पुढे चालू आहे. तीन महिन्यांनी पुन्हा पातळी, आणि या वेळी क्रिएटिनिन, थायरॉइड आणि कॅल्शियमही.